तुझ्या भाचीचा रेझ्युमे: दहा ओळींचा हिशेब

प्रिय मित्रा,

तुझ्या भाचीचा रेझ्युमे मिळाला. मजकूर चांगला आहे, पण पहिलं पान भरून दहा ओळी दुसऱ्या पानावर सांडल्या आहेत. "फाँट नऊवर आणला की बसेल ना?" असं तू विचारलंयस. बसेल, पण तसं करू नकोस. दहाच्या खालचा फाँट कागदावर छापला की डोळ्यांना त्रास देतो, आणि मजकुरातल्या चुका आहेत तिथेच राहतात. मजकुराला १०.५ किंवा ११ पॉइंट आणि चारही बाजूंना २ सेंटिमीटर मार्जिन एवढं पक्कं धर. दहा ओळी दुसरीकडून काढू.

आधी क्रम बघ. क्रम चुकलेला असताना ओळी कापायला घेतल्या तर नेमकं महत्त्वाचंच कापलं जातं. तिने प्रोजेक्ट ज्या क्रमाने केले त्याच क्रमाने लिहिलेत. त्यामुळे पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलेटर सगळ्यात वर आला आणि शेवटच्या वर्षाचा मोठा प्रोजेक्ट दुसऱ्या पानावर गेला. वाचणारा वरून खाली येतो आणि कुठेही थांबू शकतो. म्हणून प्रत्येक विभागात नवं वर, जुनं खाली. लावताना काम सुरू कधी झालं ते बघायचं नाही, संपलं कधी ते बघायचं. जे अजून चालू आहे ते सगळ्यांच्या वर. विभागांचा क्रम तिच्यासाठी असा ठेव: शिक्षण, इंटर्नशिप, प्रोजेक्ट, कौशल्यं, आणि शेवटी इतर उपक्रम. इंटर्नशिप दोनच महिन्यांची आहे आणि प्रोजेक्ट त्याहून भक्कम आहे असं तिला वाटत असेल, तर त्या दोघांची अदलाबदल खुशाल करू दे. शिक्षण मात्र वरच राहू दे. नुकतंच शिकून बाहेर पडणाऱ्याचा तोच मुख्य आधार असतो.

आता काळ. याला एक सोपी युक्ती आहे. रेझ्युमे अख्खा वाचू नकोस. प्रत्येक बुलेटचा फक्त पहिला शब्द एका कागदावर खाली खाली लिहून काढ. तिची यादी अशी येते: डेव्हलप्ड, डिझाइनिंग, रिस्पॉन्सिबल फॉर, क्रिएट्स, टेस्टेड. एकाच इंटर्नशिपमधल्या पाच बुलेटना चार वेगवेगळी रूपं. वाक्य वाचताना हे जाणवत नाही, कारण लक्ष अर्थाकडे असतं. यादीत मात्र लगेच खुपतं.

नियम एवढाच: संपलेल्या कामाला भूतकाळ, चालू कामाला साधा वर्तमानकाळ. 'डिझाइनिंग' हे रूप नुसतं लिहिलं की काम झालं की अर्धवट राहिलं ते कळत नाही, म्हणून ते 'डिझाइन्ड' करायचं. 'क्रिएट्स'मधला शेवटचा 'स' तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखा वाटतो. चालू काम असतं तर 'क्रिएट' लिहिलं असतं, इथे काम संपलंय म्हणून 'क्रिएटेड'. 'रिस्पॉन्सिबल फॉर टेस्टिंग' यात जबाबदारी कळते, काम केलं की नाही ते कळत नाही. तिने खरंच काय तपासलं ते विचार आणि त्या क्रियापदाने ओळ सुरू कर. आणखी एक जागा: 'नेतृत्व केलं' या अर्थाचं 'लेड' इंग्रजीत तीन अक्षरांचं असतं. तिने चार अक्षरांचं लिहिलंय. ते एक तर वर्तमानकाळातलं क्रियापद होतं किंवा शिसं, आणि दोन्ही खरे शब्द असल्यामुळे स्पेलिंग तपासणारी सोय बहुधा गप्प बसते.

ही यादी तारखांशी ताडून बघायची, हे फार कमी जण करतात. शेवटच्या प्रोजेक्टसमोर तिने 'प्रेझेंट' लिहिलंय आणि खालचे तिन्ही बुलेट भूतकाळात आहेत. मग प्रोजेक्ट चालू आहे की संपला? संपला असेल तर शेवटचा महिना घाल. चालू असेल तर रोजचं काम वर्तमानकाळात लिही. त्यातला एखादा टप्पा पूर्ण झाला असेल तर तेवढीच ओळ भूतकाळात राहू दे, ती चूक नाही.

तारखांचं दुसरं दुखणं दिसण्याचं आहे. तिच्या लॅपटॉपवर उजवीकडच्या तारखा जवळपास सरळ दिसत असतील, माझ्याकडे त्या नागमोडी उघडल्या. तिने स्पेसबार दाबून दाबून त्या उजवीकडे ढकलल्यात. बहुतेक फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, त्यामुळे स्पेस मोजून कडा जुळत नाही. दुसरीकडे तो फाँट नसला तर आणखीच विस्कटते. वर्डमध्ये Ctrl+Shift+8 दाब, प्रत्येक स्पेसच्या जागी ठिपका दिसेल. ठिपक्यांची रांग पुसून तिथे एकदाच टॅब दे. मग त्या ओळी निवडून परिच्छेदाच्या सेटिंगमधल्या Tabs मध्ये १७ सेंटिमीटर लिही आणि Alignment मध्ये Right निवड. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद, त्यातून दोन मार्जिनचे ४ गेले, म्हणून १७. आता तारीख कितीही लहानमोठी असली तरी तिची उजवी कड एकाच रेषेत येईल. एखादी तारीख खालच्या ओळीवर उडी मारत असेल, तर डावीकडचं शीर्षक लांब झालंय असं समज आणि शीर्षक छोटं कर.

तारखेची पद्धतही एकच हवी. तिने एकीकडे पूर्ण महिना लिहिलाय, एकीकडे ०६/२०२३, एकीकडे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे. महिन्याची तीन अक्षरं आणि पूर्ण वर्ष, मध्ये एकाच लांबीची रेघ, असं सगळीकडे कर.

आता त्या दहा ओळी. वरचा पत्ता, फोन, ईमेल आणि प्रोफाइलची लिंक चार ओळींत आहेत. घर नंबर आणि गल्ली काढून फक्त शहर ठेवलं की सगळं एका ओळीत बसतं, तीन ओळी वाचल्या. 'ऑब्जेक्टिव्ह'चं शीर्षक आणि त्याखालच्या तीन ओळी कुणाच्याही रेझ्युमेत चालतील अशा आहेत. त्या पूर्ण काढ, म्हणजे सात झाल्या. उरलेल्या तीन मला सगळ्यात आवडतात: तीन बुलेट असे आहेत की दुसऱ्या ओळीवर एकच शब्द लोंबकळतोय. प्रत्येकातला 'व्हेरियस', 'सक्सेसफुली' असा एखादा शब्द उडव, ओळ वर सरकेल. दहा झाल्या.

पण काठोकाठ भरून ठेवू नकोस. विभागांच्या मध्ये तिने एंटर दाबून पाच रिकाम्या ओळी सोडल्यात. त्या काढून शीर्षकांच्या वर ६ पॉइंटची जागा दे. तेवढ्यात दोन-अडीच ओळींची मोकळीक मिळते, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर मजकूर थोडा सरकला तरी पान फुटत नाही. शेवटी पीडीएफ काढ आणि पानांची संख्या बघ. दुसरं पान कोरं निघालं, तर वर्डच्या फाइलमध्ये शेवटी एखादा रिकामा परिच्छेद उरलाय. तो पुसून पुन्हा पीडीएफ काढ.

तिचे बदल झाले की पीडीएफ आणि मूळ फाइल दोन्ही पाठव. पीडीएफमध्ये पान दिसतं, पण स्पेस की टॅब हे मूळ फाइलमध्येच कळतं.

तुझा मित्र