अप्पांच्या डोळ्यातल्या थेंबांबद्दल

बेळगाव

प्रिय संज्या,

अप्पांच्या डोळ्याला उसाचं पान लागलं आणि बुबुळाची जखम खरवडून तपासल्यावर बुरशी निघाली, हे कळलं. आपल्या चिकोडी-निपाणीकडच्या ऊसपट्ट्यात हे नवं नाही. पानाच्या धारेनं वरची साल निघते आणि पाल्यावरची बुरशी थेट आत रुजते.

डॉक्टरांनी नॅटामायसिन ५ टक्के दिलंय, ते योग्यच. बुरशीच्या जखमेवर थेंबांमध्ये पहिली पसंती त्यालाच. पण हे औषध बुबुळात खोल शिरत नाही, म्हणून सारखं घालावं लागतं. जागेपणी दर तासाला म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा धरले तर सतरा वेळा. रात्री उठवून घालायला सांगितलं असेल तर तेही चुकवू नका. साधारण आठवड्यानंतर डॉक्टर दोन तासांवर आणतात, आणि पुढे काही आठवडे चालवतात. लाली गेली म्हणून आपल्या मनानं बंद करायचं नाही.

बाटली आधी चांगली हलव, नाहीतर औषध तळाशीच राहतं. खालची पापणी ओढून एकच थेंब टाक, बाटलीचं तोंड डोळ्याला लागू देऊ नकोस. बाहुली मोठी करायचा अ‍ॅट्रोपिनचा थेंब असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ देत. पापणीवर पांढरट पीठ दिसेल, ते औषधच असतं. तासाला एक थेंब म्हटल्यावर बाटली आठवडाभरात संपते, दुसरी आधीच आणून ठेव.

आणि गावातल्या मेडिकलमधला ‘लाली घालवणारा’ थेंब अजिबात नको. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. डोळा दोन दिवस बरा वाटतो आणि आत बुरशी मोकाट पसरते.

आता लक्ष कुठे ठेवायचं? पहिले दोन-तीन दिवस फारसा फरक दिसणार नाही, घाबरू नकोस. रोज एकाच वेळी, खिडकीजवळच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढ. डागाच्या कडा बोथट होत आल्या, दुखणं हळूहळू कमी झालं, तर औषध लागू पडतंय. उलट डाग पसरला, शेजारी नवे बारीक ठिपके उठले, बुबुळाच्या तळाशी साचलेला पुवाचा पांढरा थर वर चढला, किंवा दुखणं वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. आठवडा-दहा दिवसांत काहीच हललं नाही तरी डॉक्टरांना सांग. ते पुन्हा खरवडून तपासतील, औषध बदलतील किंवा वाढवतील. तरी जखम आत जातच राहिली, तर बुबुळ बदलायचं ऑपरेशन करावं लागतं.

एक खूण फसवी आहे. अचानक डोळ्यातून गरम पाणी आलं आणि ठणका एकदम थांबला, तर डोळा बरा झाला असं समजू नकोस. बुबुळ फुटलेलं असू शकतं. डोळा दाबू नका, पट्टी बांधू नका, थेंबही घालू नका. वर कडक प्लॅस्टिकचं कवच ठेवून, रात्र असली तरी लगेच मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन ये. निघताना फोन कर.

तुझा,
बाळू