ताबा, विलंबाचे व्याज आणि ओली भिंत : सदनिका क्र. ६०३ बाबत तक्रार

दिनांक : २४ मार्च २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
(पुनावळे येथील आपल्या गृहप्रकल्पासाठी)

विषय : करारातील ताब्याची तारीख, ताबापत्रातील अट, गळती व अपूर्ण सुविधा याबाबत.

महोदय / महोदया,

आमचा करारनामा ऑक्टोबर २०२१ मध्ये नोंदवला गेला. त्यात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२३ आहे. प्रत्यक्ष ताबा मिळाला २ डिसेंबर २०२४ रोजी. मधले ११ महिने आम्ही घराचे भाडे आणि बँकेचा हप्ता दोन्ही भरत होतो. तुमच्या कार्यालयात विचारले की दर वेळी एकच उत्तर मिळते : "महारेराने प्रकल्पाला मुदतवाढ दिली आहे." ती तुमच्या नोंदणीची मुदतवाढ आहे. माझ्या करारातली तारीख तिच्यामुळे पुढे सरकत नाही, कारण नव्या तारखेवर मी कुठेही सही केलेली नाही. रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार ताबा लांबला तर घर न सोडणाऱ्या ग्राहकाला दर महिन्याचे व्याज द्यावे लागते. महाराष्ट्रात त्याचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर अधिक २ टक्के. डिसेंबर २०२३ पर्यंत आम्ही ५८ लाख रुपये भरले होते. ढोबळ ११ टक्के धरले तरी महिन्याला सुमारे ५३ हजार आणि ११ महिन्यांचे सुमारे ५ लाख ८५ हजार रुपये होतात. नेमका आकडा तुमच्या लेखा विभागाने काढून द्यावा, तो मी तपासून घेईन.

याच काळातली आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ मध्ये तुम्ही 'फिट-आउट'साठी ताबा घ्या असे पत्र पाठवले. तेव्हा इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते, ते मिळाले १४ नोव्हेंबरला. फिट-आउटमध्ये सुतार बोलावून कपाटे करता येतात, राहायला जाता येत नाही. तरी देखभाल शुल्क १ ऑगस्टपासून लावले. करारात मात्र सदनिका 'वापरासाठी व राहण्यासाठी तयार' असल्याची लेखी सूचना मिळाल्यावर १५ दिवसांनी हे शुल्क सुरू होते असे लिहिले आहे. भोगवटा प्रमाणपत्र नसलेले घर राहण्यासाठी तयार कसे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. महिना ३,४०० रुपयांप्रमाणे ऑगस्ट ते नोव्हेंबर चार महिन्यांचे १३,६०० रुपये आमच्या आगाऊ भरलेल्या रकमेत पुढे जमा करावेत. रक्कम मोठी नाही, पण एका इमारतीत अशी किती घरे आहेत ते तुम्हालाच ठाऊक.

आता ताबापत्राबद्दल. २ डिसेंबरला किल्ल्या घ्यायला आम्ही सासऱ्यांसह गेलो, मुहूर्त साडेअकराचा होता. टेबलावर सहा पानी ताबापत्र आले. चौथ्या पानावर लिहिले होते की सदनिका, क्षेत्रफळ व सुविधांबाबत माझी कोणतीही तक्रार नाही आणि विलंबापोटी मी कोणताही दावा करणार नाही. मी हे वाक्य खोडा म्हणालो. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, फॉरमॅट आहे, सगळे करतात. सही नाही तर किल्ली नाही." बाहेर पूजेचे सामान घेऊन माणसे ताटकळत होती. शेवटी सहीच्या वर मी हाताने 'विलंबाच्या व दोषांच्या दाव्याचे हक्क राखून' असे लिहिले आणि त्याचा फोटो काढला. फोटो माझ्याकडे आहे. तुमच्या सहीची प्रत मात्र "हेड ऑफिसला गेली" ती आजतागायत आली नाही. ती प्रत त्या ओळीसकट हवी.

सगळ्यात जास्त त्रास भिंतीचा आहे. मोठ्या बेडरूमच्या न्हाणीघरालगतच्या भिंतीवर छताजवळ जानेवारीत ओल दिसली, मग रंगाला फुगे आले आणि पांढरे क्षार सुटले. ६ जानेवारीला ॲपवर तक्रार टाकली. १५ जानेवारीला माणूस आला. त्याने आमच्याच न्हाणीघरातल्या फरशांचे सांधे पांढऱ्या ग्राउटने भरले, भिंतीवर रंगाचा हात मारला, आणि संध्याकाळी ॲपवर 'तक्रार निवारण झाले' असे आले. तीन आठवड्यांनी डाग पुन्हा वर आला, पहिल्यापेक्षा मोठा. दुसरी तक्रारही अशीच बंद झाली, या वेळी कोणी आलेसुद्धा नाही.

पाणी छताजवळ येते, म्हणजे ते वरून येते, एवढे तरी आलेल्या माणसाने बघायला हवे होते. फेब्रुवारीत वरच्या मजल्यावरचे कुटुंब लग्नासाठी आठ दिवस गावी गेले होते. त्या आठ दिवसांत डाग वाळला. ते परतल्यावर दुसऱ्याच दिवशी भिंत पुन्हा ओली. पाण्याची चालू लाइन फुटली असती तर घरात कोणी नसतानाही गळत राहिले असते, कारण त्यांनी कॉक बंद केला नव्हता. म्हणजे आंघोळीचे पाणी जिथून जाते तिथे, नहाणी ट्रॅपच्या सांध्यात किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये खोट आहे. खात्री करायची तर वरच्या न्हाणीघराचा ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खाली माझी भिंत बघा. वरचे शेजारी या चाचणीला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोललो आहे. ओल आली तर वरची फरशी उचलून ट्रॅपचा सांधा व कोबा नव्याने करावा लागेल. माझ्या भिंतीला रंग लावून हे मिटणार नाही. कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पहिल्या तक्रारीला आज ७७ दिवस झाले.

सुविधांचे थोडक्यात सांगतो. माहितीपुस्तिकेत क्लब हाउस आणि जलतरण तलाव जून २०२४ पर्यंत तयार होणार होते, त्यापोटी दीड लाख वेगळे घेतलेत. क्लब हाउस झाले आहे, पण त्यात तुमचे दुसऱ्या टप्प्याचे विक्री कार्यालय चालते. आत जायचे तर आम्हाला वही भरावी लागते. तलावाच्या जागी खड्डा आहे, त्यात सेंट्रिंगच्या प्लाय रचल्या आहेत. करारात सुविधांची यादी आहे, पण तारीख नाही. कलम १२ मात्र जाहिरात आणि माहितीपुस्तिकेतल्या विधानांनाही लागू आहे, हे नोंदवतो.

लिफ्ट, पाणी आणि तुमच्या साइटवरच्या सुपरवायझरबद्दल माझी तक्रार नाही. तो बिचारा फोन उचलतो, पण निर्णय त्याच्या हातात नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत वरच्या न्हाणीघराच्या चाचणीची तारीख, व्याजाचा लेखी हिशेब, १३,६०० रुपये जमा केल्याची पावती, ताबापत्राची प्रत आणि क्लब हाउस रहिवाशांना खुले होण्याची लेखी तारीख द्यावी. ॲपवरचे 'निवारण झाले' हे उत्तर मी धरणार नाही. तसे झाले नाही तर महारेराकडे तक्रार दाखल करीन. त्यासाठीची कागदपत्रे लावून झाली आहेत.

आपला,
सदनिका क्र. ६०३ चा मालक

सोबत : करारातील ताब्याच्या कलमाची प्रत, जुलै २०२४ चे फिट-आउट पत्र, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, ताबापत्राच्या सहीच्या पानाचा फोटो, भिंतीचे तारखांसह नऊ फोटो.