नो अ‍ॅडेड शुगर म्हणजे साखर नाही असं नाही!

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमची आई ७१ वर्षांची, डायबेटिस १४ वर्षं झाली. चहा बिनसाखरेचा, आंब्याच्या दोन फोडी खाल्ल्या तरी स्वतःच गुन्हा कबूल करणारी बाई. पण मागच्या महिन्यात संध्याकाळी शुगर तपासली की २३०, २४० यायला लागली, सकाळची उपाशीपोटी मात्र नेहमीसारखीच. डॉक्टरांनी विचारलं दुपारी काय खाता, तर म्हणाली "काही नाही हो, चहाबरोबर दोन लाडू, पण ते शुगरवाल्यांचे आहेत". ते लाडू मीच आणले होते, मुलुंडला स्टेशनजवळच्या दुकानातून, पाकिटावर हिरव्या अक्षरात एवढं मोठं ‘नो अ‍ॅडेड शुगर’ बघून.

घरी येऊन पाकीट पहिल्यांदा उलटं केलं, चष्मा आणि मोबाईलचा टॉर्च दोन्ही लागले. घटकांची यादी नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. इथे पहिलं नाव खजूर ५५ टक्के, दुसरं मनुका १५ टक्के, मग बदाम, काजू, तूप. खाली तक्ता, दर १०० ग्रॅमला टोटल शुगर ४६ ग्रॅम आणि त्याच्या खाली अ‍ॅडेड शुगर ०. लाडू २५ ग्रॅमचा, म्हणजे एका लाडवात साडेअकरा ग्रॅम, दोघांत २३. चहाचा चमचा साधारण ५ ग्रॅम साखरेचा धरा, म्हणजे आई चहात साखर घालत नव्हती आणि बशीतून साडेचार चमचे खात होती!

आता कंपनी खोटं बोलली का, तर नाही. अ‍ॅडेड म्हणजे बनवताना वरून घातलेली साखर किंवा पाक. खजुरातली साखर खजुराचीच, ती त्यात धरत नाहीत. पण पोटात गेल्यावर ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असते. खजुरात फायबर असतं, नुसत्या साखरेपेक्षा बरं, मान्य आहे, पण डायबेटिसवाल्याने दोन-दोन खावेत इतकं बरं नाही.

गंमत म्हणजे एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८ च्या दाव्यांबद्दलच्या नियमात हेही आहे की साखरेच्या जागी म्हणून सुक्या फळांची पेस्ट किंवा फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट घातलं तर हा दावा करता येत नाही. पण खजुराच्या लाडवात खजूर साखरेच्या जागी आहे की लाडूच खजुराचा आहे? इथेच सगळी पळवाट आहे असं माझं मत. ‘शुगर फ्री’ वेगळं, त्याला १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही, आणि दुकानात दोन्ही पाकिटं एकाच फळीवर ‘डायबेटिक’ पाटीखाली असतात, दुकानदारालाच फरक माहीत नाही तर आईला काय सांगणार. (आणि शुगर फ्री बिस्किटात पहिला घटक बहुतेकदा मैदाच असतो, त्याची पण साखरच होते, म्हणून कार्बोहायड्रेटची ओळ पण बघावी लागते.)

मला सगळ्यात खटकला तो तक्त्याच्या उजवीकडचा रकाना, एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेच्या किती टक्के मिळतं ते दाखवणारा. तिथे अ‍ॅडेड शुगरला टक्के देतात, टोटल शुगरला देत नाहीत. त्यामुळे आमच्या पाकिटावर ० टक्के असा छान आकडा होता आणि ज्या ४६ ने घोळ केला त्याच्यासमोर नुसती रेघ. शिवाय सर्व्हिंग एक लाडू धरलेली, एक लाडू खाऊन डबा बंद करणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

टोटल शुगर दिसली की घाबरा असंही नाही म्हणत मी, साध्या दुधात १०० मिलीला पावणेपाच ग्रॅमच्या आसपास दिसेलच, ती दुधाची लॅक्टोज. पण ५ आणि ४६ यातला फरक कळायला आकडा दिसायला तर हवा. २०२४ मध्ये टोटल शुगर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅट ठळक आणि मोठ्या अक्षरात छापायचा प्रस्ताव एफएसएसएआयने मंजूर केला होता, माझी मागणी त्याच्या एक पाऊल पुढे आहे, जिथे ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहाल तिथेच, पुढच्याच बाजूला, त्याच मापाच्या अक्षरात टोटल शुगरचा आकडा लिहा, मराठीत पण.

आई आता एका लाडवाचे चार तुकडे करते, एक खाते, बाकीचे मला देते आणि वर म्हणते "तूच आणलेस ना, आता तूच संपव". आणि जाता जाता, तुमच्या रविवारच्या पुरवणीत असल्या जाहिराती येतात त्यात पण तो मागचा आकडा छापायला लावाल का?

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई