अंदमान डाइव्ह : कार्ड आणि विमा रविवारपर्यंत द्या

सभासदहो, स्वराज द्वीपला येणाऱ्यांनी रविवारपर्यंत गटप्रमुखांकडे द्यायचे :

- सर्टिफिकेशन कार्ड, लॉगबुक आणि विमा पॉलिसीची प्रत
- वैद्यकीय प्रश्नावली. दमा किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांची सही हवी; लपवू नका.

तारकर्लीत एकदा मारलेली बुडी म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. अशांनी आधी ओपन वॉटर कोर्स करावा.

पाडी या डाइव्हिंग संस्थेच्या ओपन वॉटर कार्डाची मर्यादा १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्डची ३०. ओपन वॉटरवाल्याला २५ मीटरवर त्रास झाला, तर कार्डाबाहेरची खोली म्हणून विमा कंपनी दावा नाकारू शकते. प्रेशर चेंबरमधल्या उपचारांचा खर्च मग खिशातून! पॉलिसीतली खोलीची अट वाचाच.

इन्स्ट्रक्टर व्हायची घाई असलेल्यांनो, आधी डाइव्हमास्टर. आणि इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेपर्यंत लॉगबुकात १०० डाइव्ह लागतात.