चेकची रक्कम मुदतीत भरली तरी कोर्टाची धमकी: खातं दुरुस्त करून चेक परत द्या

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
लोन विभाग

दि. १८ जुलै २०२५

सर/मॅडम,

माझं नाशिकरोडला प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे आणि फ्लेक्स मशीनसाठी तुमच्याकडून लोन घेतलंय, हप्ता २३,४५० रुपये. मध्ये बँक खातं बदललं म्हणून नवीन मँडेट होईपर्यंत तुमच्या माणसाने तीन चेक घेतले होते, त्यातला ५ जूनचा चेक बाउन्स झाला. त्याबद्दल मी काही कारणं देणार नाही, चूक माझीच. एका शाळेच्या आयकार्डांचं ४१ हजारांचं बिल ४ तारखेला येणार होतं ते आलं १० तारखेला संध्याकाळी, आणि खात्यात होते १७,२१२. मेमोवर ‘फंड्स इन्सफिशियंट’ आलं ते बरोबरच आहे.

पण तुम्ही ९ जूनला तोच चेक परत टाकला, मला फोन नाही मेसेज नाही. परत टाकता येतो हे मला मान्य आहे, चेकची तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत कितीही वेळा टाकता येतो, पण एक फोन केला असता तर मी सांगितलं असतं की दोन दिवस थांबा. माझ्या बँकेने दोन्ही वेळा मिळून ७०८ कापले, तुम्ही ५९० प्रमाणे दोनदा लावले. १० तारखेला पैसे आल्यावर मी स्वतः कस्टमर केअरला फोन केला की आत्ता ऑनलाइन भरतो, तर उत्तर मिळालं ‘केस लीगलला गेलीय, लिंक बंद आहे’.

मग वकिलांची नोटीस आली, कलम १३८ ची. २० जूनची तारीख, मला मिळाली २४ जूनला दुपारी, दुकानात बायकोने सही करून घेतली. मी पाकिटावर बॉलपेनने ‘२४’ लिहून ठेवलं आणि ओळखीच्या एका वकिलांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नोटीस मिळाल्याच्या तारखेचाच, कारण पंधरा दिवस मिळाल्यापासून मोजतात, नोटिशीवरच्या तारखेपासून नाही. म्हणजे ९ जुलैपर्यंत वेळ होता. ते म्हणाले, चेक परत आला एवढ्यानं गुन्हा होत नाही, नोटीस मिळून पंधरा दिवसांत चेकची रक्कम दिली नाही तरच होतो, त्यामुळे आत्ता काहीही वाद घालत बसू नका, आधी चेकचे पैसे बँकेतून भरा, रोख देऊ नका, आणि हे पैसे कशाचे आहेत ते लेखी कळवा.

तसंच केलं. २ जुलैला २३,४५० एनईएफटीने पाठवले, रिमार्कमध्ये चेक नंबर टाकला, आणि त्याच दिवशी तुम्हाला आणि तुमच्या वकिलांना ईमेल केला की ही रक्कम फक्त या चेकची आहे, बाकी चार्जेसचा हिशोब वेगळा द्या, बघून भरतो. दोन्हीकडून ‘मेल मिळाला’ असं ऑटो उत्तर आलंय.

आता खरी तक्रार. १४ जुलैला स्टेटमेंट काढलं तर तुम्ही माझ्या २३,४५० मधून आधी ६,७३० आपल्या चार्जेसना वळते केलेत. बाउन्स चार्ज ११८०, लेट चार्ज ५५०, लीगल नोटिशीचे ५०००. आणि उरलेले १६,७२० हप्त्याला लावून दाखवताय की हप्ता ६,७३० ने कमी भरलाय! परवा रिकव्हरीवाला मुलगा दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, ‘काका, चेकचे पूर्ण पैसे आलेच नाहीत, केस टाकली की वॉरंट निघेल.’ अहो म्हणजे पैसे भरायचे मी, ते दुसऱ्या खणात टाकायचे तुम्ही, आणि कमी भरले म्हणून कोर्टात ओढायचं मला, हा काय प्रकार आहे?

करार कायद्याचं कलम ५९ तुमच्या लीगल टीमला माहीत असणारच. देणेकऱ्याने हे पैसे अमुक देण्याचे म्हणून सांगून दिले आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर ते त्याच देण्याला लावावे लागतात. मी सांगून दिलेत, तुम्ही घेतलेत. तुमच्याच नोटिशीत चेकची रक्कम वेगळी आणि खर्च वेगळा लिहिलाय, त्यातली चेकची रक्कम मुदत संपायच्या सात दिवस आधी पोचली. १३८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे म्हणून घाबरवताय, पण ज्या गोष्टीने गुन्हा पूर्ण होतो तीच इथे घडलेली नाही. नोटिशीचे पाच हजार दिले नाहीत म्हणून चेकची केस होत नाही. ते माझ्यावर लागू असतील तर साधी वसुली आहे, त्यासाठी आधी ॲग्रीमेंटमधला क्लॉज दाखवा. माझ्याकडच्या कॉपीत ‘वास्तविक खर्च’ एवढंच आहे, रक्कम नाही, मग वकिलांचं बिल द्या.

बाउन्स चार्जवर १८ टक्के जीएसटी लावलाय तोही काढा. चेक बाउन्सचा दंड ही कसली सेवा नाही, त्यावर जीएसटी नाही, असं जीएसटी खात्याचं ऑगस्ट २०२२ चं सर्क्युलर आहे. एका बाउन्सचे ५०० आणि लेट चार्ज ५५० मी आजही भरायला तयार आहे. दुसऱ्या बाउन्सचे नाही, कारण तो न सांगता चेक टाकल्यामुळे झाला. आणि या ‘शॉर्ट’ ६,७३० वर पुढच्या महिन्यात पुन्हा लेट चार्ज लावू नका, दंडावर दंड चढवायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

तर मला हवंय ते असं. २ जुलैची पूर्ण रक्कम जूनच्या हप्त्याला लावून स्टेटमेंट दुरुस्त करा, क्रेडिट ब्युरोला उशीर झाला तेवढाच उशीर कळवा, थकबाकी कळवू नका. वकिलांच्या सहीने पत्र द्या की चेकची रक्कम मुदतीत मिळाली आणि या चेकवर केस होणार नाही. आणि मूळ चेक रिटर्न मेमोसकट परत करा, तो तुमच्या फाइलमध्ये राहिला तर उद्या नवीन आलेला कोणीतरी तो पुन्हा बँकेत टाकेल.

केस दाखल करायला तुमच्याकडे १० जुलैपासून महिनाभराचीच मुदत आहे हे मलाही कळतं, म्हणून तोपर्यंत ‘बघतो, कळवतो’ करत बसू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन, तिथे फी लागत नाही. केस टाकलीतच तर हीच कागदपत्रं मी पहिल्या तारखेला दाखवीन. आणि त्या मुलाला दुकानात पाठवू नका, बोलायचं असेल तर फोन करा, मी दहा ते आठ असतो.

सोबत: रिटर्न मेमो दोन, नोटीस आणि तारीख लिहिलेलं पाकीट, एनईएफटीची पावती, २ जुलैचे ईमेल, १४ जुलैचं स्टेटमेंट.

आपला ग्राहक
(सही)