कर्ज काढले म्हणून प्रकल्प स्वस्त होत नाही

संपादक महोदय,

कारखान्यांच्या विस्तारावर आपल्या अर्थपुरवणीत आलेल्या लेखात एक सल्ला होता: विस्ताराचा सगळा पैसा बँक देणार असेल, तर पुढच्या वर्षांची कमाई आजच्या किमतीत आणताना बँकेचाच व्याजदर लावावा. कारखान्यांचे हिशेब पाहण्यात माझी बावीस वर्षे गेली. हा सल्ला मी कितीतरी बैठकांत ऐकला आहे आणि त्यावर चुकीचे निर्णय होताना पाहिले आहेत, म्हणून लिहिते आहे.

समजा, विस्ताराला 50 कोटी लागतात आणि त्यातून कर वजा जाता दरवर्षी 8.9 कोटी असे दहा वर्षे हातात येतात. कर्जाचा व्याजदर 10 टक्के आणि कर 25 टक्के. व्याजावर करसवलत मिळते, म्हणून कर्ज प्रत्यक्षात साडेसात टक्क्यांना पडते. या दराने दहा वर्षांच्या कमाईची आजची किंमत 61 कोटींच्या वर जाते. म्हणजे 11 कोटींचा निव्वळ फायदा, आणि बैठकीत कुणीही हरकत घेत नाही.

पण बँक हे कर्ज नव्या यंत्रांकडे बघून देत नाही. मागे मालकांचे भांडवल उभे आहे, तोटा आधी तेच सोसणार, हे तिला ठाऊक असते. त्या भांडवलाचाही खर्च असतो. जोखीममुक्त दर 7 टक्के, बाजाराची जोखीम पत्करण्याचा मोबदला 6 टक्के आणि बाजार हलला की कंपनीचा समभाग किती हलतो हे सांगणारा बीटा 1.2 धरला, तर भागधारकांची अपेक्षा 14.2 टक्के होते. कंपनीच्या समभागांचे बाजारमूल्य 120 कोटी आणि जुने कर्ज 40 कोटी असेल, तर वजने पाऊण आणि पाव. 14.2 चा पाऊण भाग आणि 7.5 चा पाव भाग मिळून साडेबारा टक्के होतात. हाच भांडवलाचा भारित सरासरी खर्च. या दराने तीच कमाई 49.3 कोटींची ठरते, म्हणजे प्रकल्पात सुमारे 70 लाखांची तूट.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की नवे 50 कोटी कर्ज घेतल्यावर स्वस्त पैशाचा वाटा वाढेल, मग सरासरी खाली येणार नाही का? येते, पण अगदी थोडी. कर्ज 90 कोटी झाले, की भागधारकांच्या वाट्याची जोखीम वाढते. आधी जुन्या कर्जाचा परिणाम बीटामधून काढायचा: 1.2 ला 1.25 ने भागले की 0.96 उरतो. (1.25 म्हणजे 1 अधिक, कर्ज आणि समभाग यांच्या एक तृतीयांश गुणोत्तराचा करानंतरचा पाऊण भाग.) मग नवे 90 ला 120 हे प्रमाण तसेच घातले की बीटा 1.5 होतो. भागधारकांची अपेक्षा 16 टक्क्यांवर जाते आणि सरासरी येते 12.4 च्या आसपास. कर्जाचा वाटा पाव होता, तो जवळपास 43 टक्के झाला, तरी दर पाव टक्काही उतरला नाही. तोही बँकेने व्याज वाढवले नाही असे धरून. तूट काही भरून निघत नाही.

वजने ताळेबंदातून उचलणे ही तितकीच नेहमीची चूक. वर्षांपूर्वी ज्या किमतीला समभाग काढले ती आणि साठलेला नफा मिळून पुस्तकात 40 कोटीच दिसत असतील, तर वजने निम्मी-निम्मी होतात, दर 10.85 टक्के येतो आणि हाच प्रकल्प पावणेतीन कोटींच्या फायद्यात दिसू लागतो. भागधारक मात्र परतावा आजच्या किमतीवर मागतो. कंपनी शेअर बाजारात नसेल, तर त्याच धंद्यातल्या सूचीबद्ध कंपन्यांचे बीटा घ्यावेत, प्रत्येकीच्या कर्जाचा परिणाम काढून सरासरी करावी आणि आपण दीर्घकाळ राखणार असलेल्या कर्जाच्या प्रमाणानुसार ती पुन्हा चढवावी. यात अंदाज असतोच. म्हणून दर एक टक्का वर आणि एक टक्का खाली धरूनही प्रकल्प तपासावा.

आलेला तक्ता हातात घेतला, की मी सर्वांत आधी रोख प्रवाहाच्या वरच्या ओळी बघते. तिथे व्याज वजा केलेले असेल, तर कर्जाचा खर्च दोनदा मोजला गेला आहे, कारण तो दरात आधीच आहे. बरा प्रकल्पसुद्धा असा मारला जातो.

आणि हा साडेबारा टक्के फक्त आहे त्याच मालाची क्षमता वाढवण्यासाठी. विस्ताराच्या नावाखाली कंपनी वेगळ्याच धंद्यात उतरत असेल, तर बीटा त्या धंद्याचा घ्यावा लागतो, आपला नाही.

आपली,
एक निवृत्त वित्त व्यवस्थापक