सात दिवसांत आमचा हिस्सा गेला: केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय, स.न.वि.वि.

दिंडोरी तालुक्यातल्या आम्ही चौघा द्राक्ष बागायतदारांनी नाशिकजवळच्या एका शीतगृह कंपनीत पैसे घातले. दहा रुपयांचे १० लाख शेअर, त्यातले १ लाख २० हजार आमचे. म्हणजे १२ टक्के. ऐन काढणीत संचालकांनी राइट्स इश्यू काढला, म्हणजे नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे देऊ केले, आणि ५ लाख नवे शेअर दहा रुपयांनाच दिले. ऑफरचं पत्र आम्हाला मिळालंच नाही. सात दिवसांची मुदत उलटली, आम्ही हक्क सोडला असं धरलं गेलं आणि आमच्या वाट्याचे शेअर संचालकांच्या घरात गेले.

आता आम्ही ८ टक्क्यांवर आहोत. जागा आणि यंत्रं धरून इश्यूआधी शेअरची किंमत ६० रुपये मानली, तर या स्वस्त नव्या शेअरांमुळे आमचे ७२ लाख ५२ लाखांवर आले. सहा लाख भरून हे टाळता आलं असतं, आणि ते आम्ही भरले असते.

वकील म्हणाले, दहा टक्क्यांखाली गेलात, संचालकांच्या दडपशाहीविरुद्ध केस उभी राहणार नाही. हे खरं नाही, आणि गावोगावच्या छोट्या भागधारकांना हे कुणी सांगत नाही. कंपनी कायद्याच्या कलम २४४ मध्ये दहा टक्के भांडवल हा एकच दरवाजा नाही. १०० सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा भाग, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लोक अर्ज करू शकतात. आमच्या कंपनीत ३६ सभासद आहेत, चौघे पुरतात. मात्र नवरा-बायकोच्या संयुक्त नावावरचे शेअर एकच सभासद धरतात आणि शेअरची मागितलेली रक्कम पूर्ण भरलेली लागते. तेही जमत नसेल, तर अट शिथिल करायचा अधिकार अशा केसेस ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाला आहे.

पण तिथे जिंकणं सोपं नाही. १९८१ च्या नीडल इंडस्ट्रीज प्रकरणात ऑफरचं पत्र वेळेत पोचलं नव्हतं, तरी सर्वोच्च न्यायालयाने दडपशाही मानली नाही. शेअर स्वस्तात गेले म्हणून शेअरमागे ९० रुपये भरपाई मात्र देववली. त्यामुळे आमच्यासारख्यांची मागणी नुसती 'वाटप रद्द करा' एवढीच नसावी. कलम २४२ खाली 'आमचे शेअर योग्य मूल्यांकनाने विकत घ्या' असंही मागावं.

दिवाणी न्यायालयाचा रस्ता कलम ४३० ने बंद आहे, म्हणून सगळं न्यायाधिकरणाच्या मुंबईच्या खंडपीठापुढे. तिथवर जायची वेळच येऊ नये, ही आमची मागणी. २०२१ च्या नियमाने ऑफरची किमान मुदत पंधरावरून सात दिवसांवर आणली. खासगी कंपन्यांसाठी ती पुन्हा पंधरा करा. शेअर वाटपाचा पीएएस-३ अर्ज भरताना प्रत्येक सभासदाला पत्र पोचल्याची पोच जोडणं सक्तीचं करा. आणि तो अर्ज दाखल होताच सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर संदेश जाऊ द्या.

आपला,
एक भागधारक, दिंडोरी, जि. नाशिक